तेवढ्याच शब्दांत

त्या मेलमधून दोन वाक्यं काढली गेली तेव्हा मी शेजारच्याच खुर्चीत बसले होते. वाक्यं माझी होती, पेन्सिल बाईंची होती, आणि ज्याच्यासाठी मेल होता तो म्हातारा माणूस आमच्याकडे जागा मिळेल या आशेवर घरी अंथरुणावर पडून होता. हे आधीच सांगून टाकते. गोष्ट रंगवून, शेवटी धक्का द्यायचा वगैरे मला जमत नाही. माझं तोंड फटकळ आहे आणि लिहिणं त्याहून फटकळ.

आमचं केंद्र म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसांना सांभाळायची जागा. सव्वीस बेड. पंधरा बायकांच्या वॉर्डात, अकरा पुरुषांच्या. ज्यांच्या घरी बघायला कुणी नाही, किंवा आहेत पण कामावर जातात, अशांचे अर्ज येतात. जागा नसते, म्हणून यादी असते. यादीतला नंबर पुढे सरकतो तो वॉर्डातलं कुणीतरी गेलं की. हे आम्ही कुणाला असं तोंडावर सांगत नाही, पण अर्ज करणाऱ्याला ते कळतं आणि नंबर सरकला म्हणून आनंद झाला की त्याला स्वतःचीच लाज वाटते.

या अर्जांना उत्तरं द्यायचं काम आम्हा दोघींचं. जिन्याखालची खोली, दोन टेबलं, एक प्रिंटर, आणि एक खिडकी, तिच्याबाहेर दिवसभर वॉर्डाच्या चादरी वाळत. माझ्या डाव्या हाताला बाई बसायच्या. वय अठ्ठावन्न, उन्हाळ्यातसुद्धा अंगात करडा स्वेटर, चष्म्याला दोरी. सगळं केंद्र त्यांना ‘शेगडी’ म्हणायचं. नर्सेसनी ठेवलेलं नाव. माझा एखादा मेल कुणी पाहिला की म्हणायचे, “गारढोण आहे गं, शेगडीवर ठेव जरा.” मला ‘कात्री’ म्हणायचे. तेही नर्सेसनीच ठेवलेलं. त्यांना दुसरे उद्योग नसावेत.

मी नोकरीला लागले ती सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. पहिल्या दोन महिन्यांत माझ्याविरुद्ध तीन तक्रारी आल्या. तिन्हींत शब्द एकच होता, ‘उद्धट’. मी कुणाला वावगं काही लिहिलं नव्हतं. विचारलं त्याचं उत्तर दिलं होतं, बस. मोठ्या डॉक्टरांनी बोलावून घेतलं आणि सांगितलं, “आजपासून तुझा एकही मेल बाईंच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जाणार नाही. चौथी तक्रार आली तर माझ्या हातात काही राहणार नाही.” मग दारापर्यंत गेले तर म्हणाल्या, “आणि लांब करायचा नाही हं.”

हा त्यांचा जुना नियम. मेल चाळीस शब्दांच्या वर नाही. पूर्वी कुणीतरी भरपूर गोड, दोन पानी पत्रं पाठवायचं आणि अर्ज केलेल्या एका मुलीने महत्त्वाची ओळ वाचलीच नव्हती, ती खाली कुठेतरी होती. डॉक्टर म्हणायच्या, हे वाचणारा माणूस एका हाताने आजारी माणसाला धरून दुसऱ्या हातातल्या फोनवर वाचत असतो. त्याला अंगठा सरकवायला लावू नका.

मग मी चिडले. मेल मऊ कर म्हणायचं आणि वाढवू नको म्हणायचं, म्हणजे पोळी मोठी लाट पण पीठ तेवढंच. बाईंना तसं म्हटलंही. त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझा मेल छापून घेतला. पडद्यावर त्या कधीच दुरुस्ती करत नसत. म्हणायच्या, कागदावर शब्द खरे दिसतात.

तो माझा मेल असा होता: “अर्ज अपूर्ण आहे. डॉक्टरांचा अहवाल जोडलेला नाही. अहवालाशिवाय अर्जाचा विचार केला जाणार नाही. कृपया नोंद घ्यावी.”

बाईंनी बोटांच्या कांड्यांवर मोजलं. सोळा शब्द. मग लाल पेन्सिलने ‘कृपया नोंद घ्यावी’वर काट मारली.

“हे तीन शब्द कुणाच्याच कामाचे नाहीत. नोंद काय घ्यायची त्यांनी? हे गेले की त्यांच्या आईला जागा झाली बघ.”

“आई कुठून आली?”

“अर्ज कुणासाठी आहे?”

मी अर्ज पुन्हा उघडला. आईसाठी होता. मी ते वाचलं होतं, पण माझ्या उत्तरात आई नव्हतीच.

“आता हे, ‘विचार केला जाणार नाही’. कोण करणार नाही? ही भिंत? तू लिहितेयस ना, मग तू दिस की त्यात. आणि ‘अपूर्ण’ म्हटलं की चूक त्यांची होते. काय राहिलंय तेवढंच सांग. माणसाला वाटतं, अरे एवढंच उरलंय.”

पाच मिनिटांत कागदावर हे उभं राहिलं: “तुमच्या आईंचा अर्ज मिळाला. फक्त डॉक्टरांचा अहवाल राहिलाय. तो आला की त्याच दिवशी अर्ज पुढे पाठवते.” मी मोजले. सोळा. संध्याकाळच्या आत अहवाल आला.

तेव्हापासून मी रोज त्यांच्याकडे शिकत होते, तोंडाने मात्र कुरकुर चालूच. त्यांनी एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात बजावली होती. आकडा, तारीख आणि नकार, या तिघांना हात लावायचा नाही. शब्द कितीही बदल, हे तिघे होते तिथे राहिले पाहिजेत. ‘नाही’ म्हणायचं असेल तर ‘नाही’ म्हण. गोड बोलून कुणाला फसवायचं काम आपलं नाही. बाई असं बोलायच्या तेव्हा त्यांचा आवाज चढायचा. एरवी त्यांचा आवाज प्रिंटरच्या आवाजात ऐकूही यायचा नाही.

त्यांचं स्वतःचं मला हळूहळू कळलं. आधी त्या एका कचेरीत टायपिस्ट होत्या. नवऱ्याला पक्षाघात झाला आणि तो नऊ वर्षं अंथरुणावर होता. नोकरी सोडली, घरीच केलं सगळं. अंग पुसणं, कूस बदलणं, चमच्याने भरवणं. तिसऱ्या वर्षी त्यांच्या पाठीने असहकार पुकारला तेव्हा त्यांनी एका ठिकाणी जागेसाठी अर्ज केला. उत्तराचं पत्र आलं. ते त्यांनी एकदा मला पर्समधून काढून दाखवलं, घडीवर फाटत आलेलं. दोन ओळी होत्या: “जागा उपलब्ध नाही. इतरत्र प्रयत्न करावेत.”

“‘इतरत्र’,” बाई म्हणाल्या. “मी एक हात त्यांच्या मानेखाली धरून हे वाचत होते. मला वाटलं, दार लावलं आणि वरून म्हणाले, चालती हो.”

“पुढे कुठे अर्ज केलात मग?”

“नाही केला. परत तसलं वाचायचं धाडस नव्हतं.”

नवरा गेल्यावर नणंदेच्या घरी राहायला आल्या आणि आमच्या केंद्रात जाहिरात पाहून लागल्या. मुलाखतीत म्हणाल्या होत्या, मला फक्त उत्तरं लिहायची आहेत. मोठ्या डॉक्टरांना ते आवडलं.

माझ्या नोकरीच्या चौथ्या महिन्यात घड्याळजींच्या मुलाचा मेल आला. वडील ऐंशीचे, आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेली. उजवं अंग गेलेलं. घरात मुलगा एकटाच, शाळेची बस चालवणारा. पहाटे जायचा, मुलांना पोचवून मधे घरी येऊन वडिलांचं बघायचा, दुपारी परत जायचा. शेवटी त्याने लिहिलं होतं, “बाबांना भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आल्याशिवाय झोप लागत नाही. तिथे लावता येईल का?”

मी यादी काढली. पुरुषांच्या वॉर्डात अकरा बेड. आमच्याकडे साधारण पाच आठवड्यांनी एक जागा होते. सोळा माणसं याच्या आधी. गणित सरळ होतं, मी सरळ लिहिलं:

“जागा नाही. पुरुष वॉर्डात अकरा बेड आहेत, सर्व भरलेले. तुमच्या वडिलांचा क्रमांक सतरावा. नंबर यायला किमान एक वर्ष लागेल. थांबू नका, दुसरीकडे बघा. क्रमांक बदलल्यास कळवण्यात येईल. वारंवार विचारणा करू नये.”

एकतीस शब्द. बाईंनी छापलेला कागद घेतला आणि पेन्सिलचं टोक एकेका शब्दाखालून फिरवलं. मग ‘दुसरीकडे बघा’ या शब्दांवर आल्या. त्यांचा चेहरा बदलला ते मी पाहिलं.

“हे नको.”

“का? खरं आहे ते.”

“खरं असेल. पण ही माहिती नाही, हा सल्ला आहे. मागितलाय का त्यांनी?”

त्यांनी ते वाक्य खोडलं. पुढे ‘किमान एक वर्ष’ही खोडलं.

“बाई, आकड्याला हात लावायचा नाही ना?”

“क्रमांक सतरावा, तो ठेवलाय. वर्ष हा आकडा नाहीये गं, तो तुझा अंदाज आहे. पुढच्या महिन्यात तीन बेड रिकामे झाले तर? मागे झाले होते. खोटं ठरेल तुझं वर्ष.”

त्यांनी स्वतःच्या नियमांतला एकही मोडला नव्हता. सतरा होता, ‘नाही’ होतं. मुलाने घड्याळाचं विचारलं होतं ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं, त्यांच्या आलं होतं. तासाभराने मेल तयार झाला:

“तुमचं पत्र वाचलं. आज जागा नाही, पण वडिलांचं नाव यादीत सतराव्या क्रमांकावर मी स्वतः लिहिलंय. नंबर पुढे सरकला की मीच फोन करीन. त्यांचं घड्याळ जरूर सोबत आणा, खिडकीजवळ लावायला खिळा आहे.”

एकतीस. खिळा खरंच होता, जुन्या कॅलेंडरचा. बाई जाऊन बघून आल्या होत्या.

मेल माझ्या नावाने जायचा, म्हणून मी एकदा वाचला. वर्ष गेलेलं मला खटकत होतं. पण मी दोन महिने तक्रारीशिवाय काढले होते, आणि हा मेल वाचून कुणी तक्रार करणं शक्य नव्हतं. मी बटण दाबलं. हे माझं मी केलं, कुणी हात धरला नव्हता.

अर्ध्या तासात उत्तर आलं. “मॅडम, तुमचा मेल बाबांना वाचून दाखवला. फार बरं वाटलं त्यांना. खिळा आहे म्हटल्यावर हसले. आभार.” माझ्या इनबॉक्समध्ये ‘आभार’ हा शब्द पहिल्यांदा आला होता. मी तो मोठ्या डॉक्टरांना पुढे पाठवला. त्यांनी माझं प्रोबेशन संपवून टाकलं, मुदतीच्या आधी. त्या दिवशी मी बाईंना बाहेर चहा पाजला आणि त्यांनी स्वेटरच्या बाहीला डोळे पुसले.

बाई शब्दाच्या पक्क्या. नंबर सरकला की फोन. “सोळा झाला बरं का.” पुढच्या महिन्यात, “पंधरा झाला.” फोनवर त्या पाच-पाच मिनिटं बोलायच्या, कूस कशी बदलायची, टाचेखाली उशी कशी द्यायची. मुलगा आमच्या ओळखीचा झाला, कधी न बघता. चौदा झाला तेव्हा त्याने फोनवर सांगितलं की बाबांनी एका हाताने खुणा करून त्याला घड्याळ काढून पुसायला लावलंय. नेण्याची तयारी म्हणून.

मग एक दिवस फोन लागेना. दोनदा, तीनदा. बाई म्हणाल्या, बसवर असेल.

तो स्वतःच आला. नोव्हेंबरातली दुपार, खोलीत उन्हाची एक पट्टी आणि बाहेर चादरी. चाळिशीचा माणूस, बसवाल्यांचा खाकी शर्ट, बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी. दारातच म्हणाला, “घड्याळजींचा मुलगा मी. बाबांचं नाव यादीतून काढायचं होतं. म्हणजे पुढच्या माणसाचा नंबर सरकेल.”

बाई उभ्या राहिल्या. मी त्याला बसायला खुर्ची दिली. त्याने जे सांगितलं ते फार शांतपणे सांगितलं. त्या दिवशी बस बंद पडली, मधे घरी जाता आलं नाही. शेजारच्या ताई एरवी डोकावायच्या, त्या गावाला गेल्या होत्या. बाबा खाली पडले ते चार तास फरशीवर होते. सहा दिवस हॉस्पिटलमध्ये काढले आणि गेले.

“मधे एका ठिकाणी बेड मिळत होता,” तो म्हणाला. “लांब आहे ते, तीन तास. दोन दिवसांत हो-नाही सांगा म्हणाले. तुमचं नुकतंच पंधरा झालं होतं. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, तिकडे खिळा असेल नसेल, आपण इथेच थांबू. मग मी नाही कळवलं.”

त्याने खिशातून कागद काढला. आमचा मेल, छापून, घड्या घालून ठेवलेला. माझ्याकडे बघून विचारलं, “हे तुम्हीच लिहिलंत ना?”

शेजारी बाई उभ्या होत्या. त्यांचा हात टेबलाच्या कडेवर होता. मी म्हणाले, “हो.”

“चार ठिकाणी अर्ज केला होता. सगळ्यांनी नुसतं नाही म्हणून लिहिलं. असं कुणीच लिहिलं नव्हतं. म्हणून थांबलो आम्ही.” मग बगलेतलं पुडकं टेबलावर ठेवलं. “हे इथेच लावा. घरी आता मला ऐकवत नाही ते. आठ दिवसांनी चावी द्यायची, जास्त पिळायची नाही.”

तो रागावला असता तर मी भांडले असते. मला ते येतं. तो आभार मानून गेला आणि आम्हाला काही करता आलं नाही.

बाई त्यानंतर दोन दिवस कामावर येऊन नुसत्या बसून राहिल्या. माझे मेल त्यांच्यासमोर ठेवले की हात न लावता परत द्यायच्या. तिसऱ्या दिवशी फायलीतून त्या मेलचा माझा मूळ कागद शोधून काढला, लाल काट मारलेला.

“तुझ्या मेलमध्ये सगळं होतं,” त्या म्हणाल्या. “सगळं होतं गं यात. ‘थांबू नका’ असं लिहिलं होतंस तू.”

“बाई, मी घड्याळाबद्दल एक शब्द लिहिला नव्हता. ‘वारंवार विचारणा करू नये’ लिहिलं होतं.”

“त्याने माणूस चिडतो. चिडून दुसरीकडे जातो. गेला असता तो.”

“आणि बटण मी दाबलं.”

“माझं ते पत्र तुला दाखवलं ना मी? मी त्या मुलाला नाही लिहिलं काही. मी मला लिहिलं. मला तेव्हा काय वाचायचं होतं ते लिहिलं.” हे बोलताना त्या रडल्या नाहीत. मला वाटलं रडतील तर बरं.

दुपारी त्यांनी एक मेल लिहिला, स्वतःच्या हाताने कागदावर, आणि तो माझ्यापुढे सरकवला. “यात तू बघ काय करता येतं ते. फार कोरडा झालाय. लांब मात्र नको.”

“तुमच्या वडिलांचा नंबर यायला किमान वर्ष लागणार होतं. मूळ मजकुरात तसं लिहिलं होतं. ‘थांबू नका, दुसरीकडे बघा’ असंही लिहिलं होतं. ते मी काढलं. मेलवर नाव सहकारी मुलीचं आहे, शब्द माझे आहेत.”

मी पुन्हा पुन्हा वाचला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला मेल गरम करायला दिला होता आणि त्यात काढून टाकण्याजोगा एक शब्द सापडेना.

“‘माफ करा’ कुठे बसेल का?” बाईंनी विचारलं.

“नको. मग त्यांना तुम्हाला माफ करायचं काम लागेल. आत्ता त्यांच्याकडून काही मागू नका.”

त्यांनी मान हलवली. फक्त शेवटचं वाक्य मला एकटीला सोडवत होतं, ते मी खोडलं आणि लिहिलं, “पाठवला आम्ही दोघींनी.” बाई नको म्हणत होत्या, मी ऐकलं नाही. मोठ्या डॉक्टरांना विचारलं नाही, त्यांनी पाठवू दिला नसता. खाली दोघींची नावं घातली.

उत्तर चार दिवसांनी आलं. एकच शब्द होता, “मिळालं.”

बाईंनी तो छापायला लावला. एवढ्या मोठ्या कागदावर तो एक शब्द. त्या तो धरून खिडकीशी गेल्या, परत आल्या.

“तुला काय वाटतं? रागाने लिहिलंय?”

“कळत नाही.”

“पूर्णविराम दिलाय बघ. रागावलेला माणूस देतो का पूर्णविराम?”

“मी नेहमीच देते, बाई.”

त्या पुढच्या आठवडाभर रोज विचारायच्या, आणखी काही आलं का. काही आलं नाही. एका शब्दात काय काय असू शकतं हे मला त्यांनीच शिकवलं होतं, आणि आता त्यांनाच तो एक शब्द वाचता येत नव्हता. मला त्यांची भयंकर दया यायची आणि रागही यायचा.

मग त्यांनी बदली मागून घेतली. आता त्या तळमजल्यावर कपड्यांच्या कोठीत असतात, चादरी आणि उशांचे अभ्रे मोजून देतात. मोजण्यात अजून चूक होत नाही. दर सोमवारी पुरुषांच्या वॉर्डात येऊन घड्याळाला चावी देतात. खिडकीजवळच्या त्या खिळ्यावर ते व्यवस्थित बसलंय. कुणी त्यांना शेगडी म्हणत नाही. मी नर्सेसना तसं सांगून ठेवलंय, आणि माझं सांगणं सगळ्यांना लगेच कळतं.

मेल आता मी एकटी लिहिते. तक्रार नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत मला राहवेना म्हणून मी तो जुना कागद समोर घेतला आणि बघितलं, दोन्ही गोष्टी मावतात का. आमच्याकडे जागा होणार नाही हे, आणि तुमचं पत्र मी वाचलंय हेही. वीस मिनिटं लागली. ‘वारंवार विचारणा करू नये’ काढलं, ‘कळवण्यात येईल’ काढलं, बेडची मोजदाद काढली. झालं, तेवढ्याने जागा झाली. तो कागद मी खणात टाकला. कुणाला दाखवायचा नव्हता.

पुढच्या सोमवारी बाई चावी घ्यायला आल्या. घड्याळाची चावी त्याच खणात असते. मी फोनवर होते. त्यांनी खण उघडला, चावी काढली आणि मग कागद काढला. मला फोन ठेवता येईना. त्यांनी चष्मा लावला आणि उभ्याउभ्या वाचला:

“तुमचं पत्र वाचलं. आमच्याकडे वर्षभर तरी जागा होणार नाही; वडिलांचा नंबर सतरावा आहे. थांबू नका, दुसरीकडे आजच नाव लावा. कुठे लावायचं ते मी फोनवर सांगते. घड्याळ मात्र सोबत न्या, कुठेही लावतील.”

त्यांचा अंगठा बोटांच्या कांड्यांवरून फिरत गेला. एक बोट, दुसरं, मग दुसरा हात. शेवटपर्यंत मोजलं त्यांनी.

“एकतीस,” त्या म्हणाल्या.

मी फोन ठेवून उठेपर्यंत त्यांनी कागदाची घडी घातली होती. पर्स उघडून ती त्या जुन्या पत्राशेजारी ठेवली आणि चावी घेऊन वॉर्डाकडे गेल्या.